बारीक गड्डे आणि अंगठे

समस्त नागरिकांना, विशेषतः हळदीशी ज्यांचा संबंध फक्त लग्नापुरता येतो अशा मंडळींना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या थोरल्या बहिणीच्या खळ्यावर एका विशेषणाने घात केला. विशेषणाचं नाव ‘बारीक’. घटनास्थळी हजर असलेले इतर शब्द पुढीलप्रमाणे: गड्डे, आणि, अंगठे, कुकर. नुकसान झालं ते बेण्याचं. आरोपी प्रस्तुत लेखक. आपण सर्वांनी बसून घ्यावं. मी मात्र उभाच राहतो, कारण त्या दिवसापासून बहिणीच्या घरी मला नीट बसवत नाही.

मी शाळेत लिपिक आहे, वसमतला. पण लोक मला ओळखतात ते माइकमुळे. लग्न असो, निरोप समारंभ असो, कुणाच्या एकसष्टीचा सत्कार असो, सूत्रसंचालन माझ्याकडे. आवाज देवानं दिला आणि विराम मी कमावला. नवखा माणूस नावं घडाघडा वाचत सुटतो. मी म्हणतो, ‘आणि आता आपल्यासमोर येत आहेत...’ आणि थांबतो. मांडवात पोरं रडायची थांबतात. त्या शांततेत मला जे सुख मिळतं ते सांगायची सोय नाही. बायको म्हणते, तुम्ही मीठ मागतानासुद्धा मध्येच थांबता, तोवर भाजी संपते.

अक्का, म्हणजे माझी बहीण, आखाडा बाळापूरच्या अलीकडे एका गावात शेती करते. दाजी आहेत, पण शेतीचं डोकं तिचं. दोन वर्षांपूर्वी तिनं नणंदेच्या गावाहून हळदीचं थोडं बेणं आणलं. जाड, भरदार, तोडलं की आत केशरी. पहिल्या वर्षी बांधाकडेच्या चार सऱ्यांत लावलं, दुसऱ्या वर्षी त्याच्या चौपट जागेत. दरम्यान नणंदेच्या रानात पाणी साचलं, कंद सडले आणि मूळ बेणं तिच्याकडूनच नाहीसं झालं. आता ते साऱ्या पाहुण्यारावळ्यांत एकट्या अक्काकडे होतं. तिनं नणंदेला शब्द दिला होता, यंदा काढणी झाली की तुझ्या वाट्याचं बेणं तुझ्या दारात आणून टाकीन. आणि उरलेलं स्वतः एकरभर लावायचं. वर्षभर तिच्या तोंडी हेच.

आता थोडं हळदीविषयी, कारण ते कळल्याशिवाय माझं पाप कळणार नाही. हळदीचं रोप उपटलं की खाली मधोमध एक गोल कंद असतो, तो गड्डा. त्याला चिकटून आखूड, जाड फुटवे असतात, ते अंगठे. आणि त्यांना फुटलेली लांबट बोटं म्हणजे हळकुंडं. बायका बसून हे सगळं तोडून वेगळं करतात. बेण्यासाठी ठेवायचं ते कच्चंच सावलीत, वर हळदीचा पाला टाकून. विकायचं ते शिजवायचं, वाळवायचं, घासून चकचकीत करायचं. शिजवायला आता कढई राहिली नाही. ट्रॅक्टरमागे लोखंडी कुकर येतो, पाण्याची वाफ पाइपातून ड्रममध्ये सोडतात. एकदा वाफ लागली की संपलं. शिजलेल्या हळदीला जन्मात कोंब येत नाही.

आमच्या भागाचा रिवाज असा की बेण्याला ठेवतात ते गड्डे. अंगठे आणि हळकुंडं बहुतेक सगळे शिजवून मोकळे होतात. हळकुंडं शिजणार हे न सांगताच ठरलेलं. अक्काचं बेणं मात्र कमी, म्हणून तिला यंदा जाड अंगठेसुद्धा राखायचे होते. अंगठ्यालाही डोळे असतात, तोही उगवतो. फक्त भरलेला पाहिजे. बारीक असेल तर त्याच्या अंगात कोंब वर काढायची ताकद नसते. बारीक गड्ड्याचंही तेच.

झालं असं की दाजींना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नांदेडला दाखल केलं आणि त्याच दिवशी कुकरवाल्याचा फोन आला की पाळी आधी लागतेय, आजच येतो. कुकरवाल्याला नाही म्हणता येत नाही. तो पुढच्या गावात गेला की परत कधी उगवेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. अक्कानं मला दवाखान्यातून फोन केला. मागे कुणीतरी नंबर पुकारत होतं.

‘अरे, तू जाशील का घरी? टोळीवाल्या बाया हायेत तिथं, त्येंना सांगायचं. बारीक गड्डे अन् अंगठे कुकरात जाऊ दे, बाकी लिंबाखाली. ध्यानात राहील ना?’

‘अक्का, मला स्वागतगीतापासून आभारापर्यंत पाठ असतं.’

‘तेच तर भ्याव हाय. जा, सोता जाऊन हुबं राहा. त्या बायांना माझ्या मनातलं म्हाईत न्हाई.’

मी म्हटलं, हो. आता खरं सांगतो, मला तिचं वाक्य कळलं होतं का? नाही. न कळल्याचंही कळलं नव्हतं. मी ते वाक्य म्हणून घेतलं, जसं एखाद्या मान्यवराचं नाव घेतो. गड्डे कोण, अंगठे कोण, बारीक कोण, ही चौकशी मी केलीच नाही.

आणि मी गेलोही नाही. त्या दुपारी आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांचा सेवापूर्ती समारंभ होता. मी विचार केला, आधी समारंभ, मग खळं. तोवर निरोप तर पोचला पाहिजे. टोळीच्या म्होरक्या मावशी होत्या, साठीच्या आत-बाहेर, हात हळदीनं कायमचे पिवळे. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी मांडवाच्या कडेला गेलो, घसा साफ केला आणि त्यांना व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला. पाठवला कसला, सादर केला. मग फोनचा आवाज बंद करून खिशात टाकला, कारण माझ्या कार्यक्रमात फोन वाजलेला मला चालत नाही.

समारंभ सुंदर झाला. सत्कारमूर्ती दोनदा रडले. मला शाल आणि नारळ मिळाला. त्याच थाटात, खांद्यावर शाल टाकून, मी मोटारसायकलवर बहिणीच्या गावी पोचलो.

खळ्याच्या अलीकडेच वास आला. शिजत्या हळदीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. मातीचा आणि उकडल्या कंदांचा, थोडा गोडसर, आणि घशात बसणारा. कुकर उभा होता. वाफ थांबवून कुकरवाला टाकीत पाणी भरत होता. खळ्यावर शिजलेला माल पसरलेला, वाफाळता. एका बाजूला हळकुंडं, एका बाजूला आखूड जाड तुकड्यांचा लांबच लांब पट्टा. लिंबाखाली गड्ड्यांचा ढीग, वर पाला. बाया पाय पसरून चहा पीत होत्या.

मला कशातही काही वावगं दिसलं नाही. उलट मी दोन शब्द बोललो. ‘माता-भगिनींनो, आपण आज जे काम केलंत...’ वगैरे. बाया हसल्या. मावशी म्हणाल्या, ‘भाऊ, शाल उतरून ठिवा, वाफेनं पिवळी व्हईल.’

एवढ्यात वाटेवर जीप थांबली आणि अक्का उतरली. दाजींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. पोराला त्यांच्याजवळ बसवून ती वारंगा फाट्यावरून मिळेल त्या गाडीनं निघून आली होती.

‘तुझ्या भरोशावर मन लागंना,’ मला म्हणाली आणि थेट लिंबाखाली गेली. पाला बाजूला केला. हात घातला, खालपर्यंत. मग दुसऱ्या बाजूनं घातला.

‘अंगठे कुठं हायेत?’

मावशींनी हातातल्या कपानंच खळ्यावरचा तो लांब पट्टा दाखवला. ‘ते काय, शिजले समदे. ह्यो शेवटचा ड्रम राहिला.’

अक्का त्या पट्ट्याकडे चालत गेली. वाकून एक तुकडा उचलला. गरम होता, पण टाकला नाही. अंगठ्यानं दाबला, तो मऊ, आत गेला. तिनं तो परत जागेवर ठेवला, झोपलेलं पोर ठेवावं तसा. मग वळली आणि बायांवर तुटून पडली.

‘आक्कल हाय का तुमाला? येवढे जाड अंगठे दिसले न्हाईत? डोळे हायेत का गवऱ्या? कामाची घाई, पुढच्या खळ्यावर जायची घाई, दुसऱ्याचं बेणं गेलं तर जाऊ दे, असंच ना?’

बायांच्या हातातले कप तसेच राहिले. एकीनं पदर डोक्यावर घेतला. मावशी उठून उभ्या राहिल्या. ‘बाई, आमाला जसं सांगितलं...’

‘काय सांगितलं? मी काय खुळी हाय, समदे अंगठे शिजवा म्हणायला?’

आणि मी? मी शालीचं टोक चाळवत उभा. सगळ्या जिल्ह्याला शब्द पुरवणारा माणूस, माझ्याकडे एक शब्द नव्हता. म्हणजे होता. ‘अक्का, निरोप मी दिला’, एवढाच. पण त्या क्षणी मला वाटलं, कदाचित चूक बायांचीच असेल. वाटलं नाही, तसं असावं असं मी मनात ठरवलं. आणि बहिणीला त्या पिवळ्या हातांच्या बाईला बोलू दिलं. ह्या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त जे टोचतं ते हे.

मध्ये पडला तो कुकरवाला. त्याला बिचाऱ्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, त्याला पुढच्या गावी जायचं होतं. म्हणाला, ‘अहो, फोनात हाय की सरांचं भाषण. दुपारधरनं तीनदा ऐकलं आमी. लई भारी हाय. लावा की मावशी.’

मावशींनी फोन पुढे केला. कुकरवाल्यानं आवाज पूर्ण वाढवला. आणि त्या खळ्यावर, वाफेत, मी बोलू लागलो.

‘नमस्कार, कष्टकरी माता-भगिनींनो! अक्कांच्या वतीने नम्र सूचना. बारीक गड्डे...’

इथे मी थांबलो होतो. ती शांतता सगळ्यांनी ऐकली. माझ्या मागे मांडवातला माइकवाला ‘चेक, चेक’ करताना ऐकू आला. एक खुर्ची सरकली.

‘...आणि अंगठे, कुकरच्या स्वाधीन करावेत! उर्वरित ऐवज निंबवृक्षाच्या छायेत. धन्यवाद!’

कुणीही हसलं नाही. एरवी ह्यावर हशा हमखास.

‘पुन्यांदा लाव,’ अक्का म्हणाली.

त्यानं पुन्हा लावलं. मी पुन्हा थांबलो, ‘चेक, चेक’ झालं, खुर्ची सरकली, मी पुन्हा अंगठे कुकरच्या स्वाधीन केले.

‘पण अक्का,’ मी म्हणालो, आणि हे म्हणताना माझा आवाज साधा, बारीक निघाला, ‘एक शब्द बदलला नाही मी. तू जे म्हणालीस तेच. बारीक गड्डे आणि अंगठे.’

‘म्या एका दमात म्हणलं होतं,’ अक्का म्हणाली. ‘बारीक म्हंजी दोन्हीतले बारीक. गड्ड्यातले बी, अंगठ्यातले बी. तू गड्ड्यापाशी थांबलास. बारीक तिथंच ठिवून आलास, अन् अंगठे उघडे, समदेच्या समदे.’

मावशी म्हणाल्या, ‘आमी बी तेच समजलो. गड्ड्यातले बारीक काढायचे, अन् अंगठे समदे. अंगठे तर शिजतेतच, बाई. आपल्या इकडं कोण ठिवतंय अंगठे बेण्याला?’

‘तेही खरं हाय,’ अक्का हळूच म्हणाली.

‘तरी मला वाटलं, अंगठे लई चांगले दिसून राहिलेत, इचारावं. म्हणून भाऊला फोन लावला. उचलला न्हाई. पुन्हा लावला. मग कुकरवाला वरडू लागला.’

मी खिशातून फोन काढला. आवाज बंदच होता. मावशींचे कॉल दिसत होते, एकाखाली एक, नेमके मी सत्कारमूर्तींच्या गुरुभक्तीवर बोलत होतो त्या वेळचे. मी तो फोन परत खिशात टाकला. दाखवायची हिंमत झाली नाही, पण माझ्या तोंडावर दिसलंच असावं, कारण मावशींनी नजर दुसरीकडे वळवली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अक्का मावशींजवळ गेली. ‘मावशी, उगी तोंड टाकलं तुमच्यावर. मनाला लावून घिऊ नका.’

‘जाऊ द्या बाई. माल तुमचा गेलाय, तकलीफ तुमाला झाली. बोलणार कोण मग?’

दोघींचं मिटलं. एवढ्या दोन वाक्यांत मिटलं. माझं राहिलं होतं, आणि मला ते कसं सुरू करायचं ते सुचेना. माझ्याकडे क्षमायाचनेचीसुद्धा एक तयार पद्धत आहे, नम्र, भरजरी, शेवटी हात जोडून. ती मी काढली असती तर अक्कानं मला त्या ड्रममध्ये घातलं असतं.

ड्रम! मला वाटतं सगळ्यांना एकदमच सुचलं. शेवटचा ड्रम भरून ठेवलेला होता, पण पाणी संपल्यामुळे त्यात वाफ सोडली नव्हती. कुकरवाल्याचा हात वाफेच्या चावीकडे गेलेला. अक्का ओरडली, ‘हात काढ!’ तो इतका दचकला की पाण्याची बादली त्याच्याच पायावर सांडली.

ड्रम ओतला. त्यात अंगठेच होते, कारण मावशींच्या टोळीनं बारीक गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवायला लावली होती; वेगवेगळ्या जाडीचा माल एकत्र शिजवला की एक कच्चा राहतो आणि दुसरा फुटतो. पण त्या ड्रममध्ये जाड आणि बारीक सगळे एकत्र होते. थंड, कच्चे, मातीचे. अक्का गुडघ्यावर बसली. दोन हातांनी उकरून पाहिलं, मनात हिशेब केला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. एकरभराची आशा त्या तोंडावरून उतरली आणि दुसरं काहीतरी बसलं.

‘नणंदेचं होईल यात,’ ती म्हणाली. ‘तिला शब्द दिलाय. तिचं पयलं काढा. उरतील ते माझ्या बांधाकडंच्या सऱ्यांत लावीन. पुन्हा दोन वर्सं.’

‘अक्का, मी आणून देतो दुसरीकडून बेणं,’ मी म्हणालो.

‘कुठून? हे दुसरीकडं असतं तर मी कशाला जपलं असतं?’

कुकरवाल्यानं, एवढा घाईचा माणूस, कुकर बंदच ठेवला आणि ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला. बाया पुन्हा ढिगाभोवती बसल्या. उजेड अजून होता. मीही शाल काढून झाडाच्या फांदीला टाकली आणि त्यांच्यात बसलो. कुणी जागा करून दिली नाही, कुणी हाकललंही नाही. मी एक अंगठा उचलला. जाड होता का? मला वाटलं जाड. शेजारच्या बाईनं तो माझ्या हातातून घेतला, उलटा करून पाहिला, खालचा डोळा मोडलेला होता, आणि शिजायच्या टोपलीत टाकला.

अक्काचा फोन वाजला. नांदेडहून पोराचा होता, डॉक्टर आले होते. ती उठून बांधाकडे गेली आणि जाता जाता मागे वळून मला म्हणाली, ‘त्येंना सांग काय निवडायचं ते. जाड अन् डोळं शाबूत, दोन्ही पायजे. नीट सांग ह्या बारीला.’

सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. ती माझी सर्वात मोठी सभा होती, आणि प्रेक्षक मोजून एवढेसे. मी ठरवलं, साधं बोलायचं. थांबायचं नाही. विराम नाही, आवाज नाही, काही नाही. मी हात जोडले, म्हटलं, ‘मावशी, चूक माझी आहे. तुम्हाला बोलणी बसली ती माझ्यामुळं, आणि मी गप्प उभा राहिलो.’ एवढं सरळ निघालं. मावशींनी मान हलवली. मग मी कामाचं बोलायला घेतलं.

‘तर लिंबाखाली टाकायचे ते जाड अंगठे आणि...’

मावशी बसल्या जागेवरून अर्ध्या उठल्या, दोन्ही पिवळे हात माझ्यासमोर धरून ओरडल्या, ‘भाऊ, पाया पडते तुमच्या, पुन्हा ‘आणि’ म्हणू नका!’